घरातली उपकरणं जळाली, सोसायटीला पत्र कसं लिहाल?

‘काल रात्री शॉर्ट सर्किट होऊन माझा टीव्ही, राउटर आणि फ्रिज जळाला, तरी सोसायटीने भरपाई द्यावी.’ खाली भाडेकरूची सही. असं पत्र सोसायटीच्या कार्यालयात आलं की उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. शॉर्ट सर्किट तुमच्या घरात झालं, त्याला सोसायटी काय करणार? शिवाय तुम्ही सभासद नाही, घरमालकांशी बोला. भाडेकरूचं नुकसान खरं असतं, पण पत्रात कारणच चुकीचं लिहिल्यामुळे त्याची बाजू पहिल्याच ओळीत पडते.

घरात खरोखर शॉर्ट सर्किट झालं, म्हणजे फेज आणि न्यूट्रल एकमेकांना चिकटले, तर प्रचंड प्रवाह वाहतो आणि क्षणात एमसीबी पडतो. बिघाड त्या वायरीपुरता किंवा त्या एका उपकरणापुरता राहतो. पण तीन खोल्यांतल्या चार वस्तू एकाच वेळी गेल्या आणि एमसीबी मात्र जागचा हलला नाही, तर संशय दुसरीकडे घ्यायला हवा. वायरमन ज्याला ‘न्यूट्रल उडाला’ म्हणतात, ते घडलेलं असण्याची शक्यता मोठी असते.

इमारतीत वीज तीन फेज आणि एक सामाईक न्यूट्रल अशा चार तारांनी येते. प्रत्येक घराला एक फेज आणि न्यूट्रल मिळून सुमारे २३० व्होल्ट मिळतात. दोन फेजमधलं अंतर मात्र ४०० व्होल्टच्या आसपास असतं. मीटररूममध्ये या न्यूट्रलचा जोड सैल झाला, तर वेगवेगळ्या फेजवरची घरं नकळत एकामागे एक जोडली जातात आणि ४०० व्होल्ट आपापसात वाटून घेतात. ही वाटणी समान होत नाही. समजा, ३०२ मध्ये टीव्ही, राउटर आणि दिवे मिळून २०० वॅटचा भार चालू आहे आणि दुसऱ्या फेजवरच्या ४०१ मध्ये १००० वॅटची इस्त्री. हिशेब फक्त या दोन घरांचा धरला, तर ३०२ ला सुमारे ३३३ व्होल्ट मिळतात आणि ४०१ ला जेमतेम ६७. जिथे कमी उपकरणं चालू, तिथे दाब जास्त. म्हणून काटकसरीने वीज वापरणाऱ्याचा टीव्ही जळतो आणि ज्याची इस्त्री चालू होती त्याची इस्त्री नुसती थंड पडते.

एमसीबी यात पडत नाही, कारण तो जास्त प्रवाहाला दाद देतो, जास्त दाबाला नाही. आरसीसीबी गळती ओळखतो आणि इथे गळती नसते. म्हणून ‘तुमचा एमसीबी पडला नाही, म्हणजे काही झालंच नाही’ हा युक्तिवाद टिकत नाही. उलट तो न पडणं ही भाडेकरूच्या बाजूची खूण आहे.

दुसऱ्या खुणा शेजाऱ्यांकडे मिळतात. त्याच वेळी कुणाचे दिवे लख्ख पेटले, कुणाचे मंदावले, कुणाचा पंखा रेंगाळला, हे त्याच रात्री विचारून ठेवा. तिसरी खूण उपकरणाच्या पोटात असते. दुरुस्ती करणाऱ्याने टीव्हीचा पॉवर सप्लाय उघडला की आत बिस्किटासारखा गोल व्हॅरिस्टर फुटून काळा पडलेला दिसतो, शेजारी फुगलेला कपॅसिटर. जास्त दाबाचा हा ढळढळीत पुरावा आहे. दुरुस्तीच्या पावतीवर ‘जास्त व्होल्टेजमुळे पॉवर सप्लाय जळाला’ असं लिहून घ्या आणि जळका भाग फेकू नका. फ्रिजचं मात्र उलटही होऊ शकतं. दाब फार कमी झाला तर कॉम्प्रेसर सुरू न होता नुसता गुणगुणतो आणि तापून जातो.

आता जबाबदारी. साधारणपणे इमारतीतल्या कंपनीच्या कटआउटपर्यंतचा पुरवठा आणि मीटर वीज कंपनीकडे. त्यापुढे घरातल्या मेन स्विचपर्यंतच्या वायरी सोसायटीकडे; महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सोसायटीने स्वखर्चाने करायच्या दुरुस्तीत या वायरी धरल्या आहेत. मेन स्विचच्या आतलं ज्याचं त्याचं. त्यामुळे जोड नेमका कुठे सैल झाला होता, यावर सगळं अवलंबून असतं, आणि नेमकी हीच गोष्ट पहिल्या तासाभरात पुसली जाते. वायरमन येतो, काळवंडलेला लग कापतो, नवा बसवून बोल्ट आवळतो आणि जातो. दिवे आले म्हणून सगळे खूश, पण पुरावा कचऱ्याच्या डब्यात गेलेला असतो. जमलं तर सचिवांना सोबत घेऊन दुरुस्तीआधी फोटो काढा. नाही जमलं, तर वायरमनने काय दुरुस्त केलं ते पत्रातूनच मागा.

म्हणून पत्रात निदान न करता घडलेलं सांगावं. उदाहरणार्थ असं:

‘मा. सचिव महोदय, मी ३०२ क्रमांकाच्या सदनिकेत लिव्ह अँड लायसन्स कराराने राहतो. रविवारी सायंकाळी ७ वाजून १० मिनिटांच्या सुमारास घरातले दिवे एकाएकी फार प्रखर झाले, टीव्हीतून धूर आला आणि राउटर व फ्रिज बंद पडला. घरातला एकही एमसीबी पडला नव्हता. त्याच वेळी ४०१ मध्ये दिवे मंदावल्याचं तिथल्या रहिवाशांनी सांगितलं. त्यानंतर मीटररूममध्ये दुरुस्ती झाली. ती कोणत्या जोडाची होती, याची लेखी माहिती आणि वायरमनच्या बिलाची प्रत मिळावी. टीव्ही व राउटर माझे असून फ्रिज घरमालकांचा आहे. दुरुस्तीच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत. दोष सामाईक वायरिंगमध्ये असल्यास हा खर्च भरून मिळावा. कंपनीच्या बाजूला असल्यास सोसायटीने कंपनीकडे तक्रार करावी, ही विनंती.’

वस्तू कुणाची हे वेगळं लिहिणं महत्त्वाचं आहे, कारण घरमालकाच्या फ्रिजची भरपाई भाडेकरू स्वतःसाठी मागू शकत नाही. पत्रावर घरमालकाचीही सही घ्या. मालक सभासद असल्याने ‘तुम्ही कोण?’ हा प्रश्नच उरत नाही. पत्र दोन प्रतींत द्या आणि एकीवर तारखेसह पोच घ्या. दोष कंपनीकडचा निघाला तर तिच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि पुढे विद्युत लोकपालांकडे जाता येतं. ही सोय २००३ च्या वीज कायद्यातच आहे.

एवढं करूनही पूर्ण पैसे मिळतीलच असं नाही. जोड सैल होता हे समितीला आधी माहीत होतं का, कुणी तक्रार केली होती का, मीटररूमची शेवटची तपासणी कधी झाली, यावर बरंच ठरतं. अनेकदा दुरुस्तीच्या खर्चाचा काही भाग देऊन तडजोड होते, आणि जुन्या टीव्हीला नव्याची किंमत मागितली नाही तर ती लवकर होते. पण भाडेकरू आहे म्हणून त्याचं पत्र बाजूला टाकणं मला मुळीच पटत नाही. त्या सैल जोडावर सभासदांचीही घरं जोडलेली असतात आणि तिथली ठिणगी मीटररूम पेटवू शकते.

समित्यांना म्हणूनच विनंती: पावसाळ्याआधी परवानाधारक कंत्राटदाराकडून मीटररूमचे न्यूट्रल जोड आवळून घ्या, आणि न्यूट्रलवर कुठे फ्यूज बसवलेला आढळला तर तो आजच काढायला लावा. आणि रहिवाशांनो, घरातले दिवे अचानक प्रखर झाले किंवा मंदावले, तर कारण शोधत बसू नका, आधी मेन स्विच बंद करा.