आजीची मूठ आणि नातीचा काटा

आंध्र प्रदेशातल्या मस्तानम्मा शंभरी ओलांडल्यावर यूट्यूबवर आल्या. कलिंगडाच्या पोटात कोंबडी शिजवणाऱ्या या पणजीला पणतूने मोबाइलसमोर बसवलं होतं. 2018च्या डिसेंबरात त्या गेल्या. नंतर 2020मध्ये नगर तालुक्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे ‘आपली आजी’ म्हणून घराघरांत पोहोचल्या. तिथे चॅनलमागे नातू होता. दोन्हीकडे चूल म्हातारीची आणि मोबाइल पोराचा. पुढच्या गोष्टीत मोबाइल नातीच्या हातात आहे. ही आजी-नात मी रचलेली आहे. त्यांच्या अडचणी मात्र गावात चुलीपुढे मोबाइल धरणाऱ्या कुणालाही येतील अशाच.

पदार्थ हुलग्याचे शेंगोळे. नात अकरावीत. दिवाळीच्या सुट्टीत तिने चॅनल उघडलं, नाव दिलं आणि वही घेऊन चुलीपुढे बसली.

“आजी, पीठ किती घेतलंस?”

“लागंल तेवढं.”

“म्हणजे किती?”

“अगं, चार माणसांचं! आता मोजत बसू का?”

प्रत्येक चिमटीला नात हात धरायची, आजी वैतागायची आणि वैतागलेला हात नेहमीसारखा पडायचा नाही. वाटी पुढे केली की आजी वाटीच्या हिशेबाने घ्यायची. मग जे व्हायचं ते तिचं रोजचं शेंगोळं नसायचंच. तोड निघाली ती आजीला न विचारण्यात. नातीने वजनकाटा आणला आणि आजी चुलीकडे यायच्या आत पिठाचा डबा, मिठाची बरणी, तिखटाचा डबा, सगळं वजन करून लिहून ठेवलं. आजीने तिच्या मुठीने घेतलं. स्वयंपाक झाल्यावर नातीने तेच डबे पुन्हा काट्यावर ठेवले. जेवढं वजन कमी झालं, तेवढं आजीने घेतलेलं.

हिशेब असा निघाला: हुलग्याचं पीठ पाव किलो, त्यात मूठभर ज्वारीचं, म्हणजे 40 ग्रॅमच्या आसपास. बारा-पंधरा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं आणि मीठ असं पाट्यावर वाटलेलं. त्यातलं अर्धं पिठात, अर्धं रश्शाच्या फोडणीला. तिखट दोन चमचे, हळद पाव चमचा, रश्शाला सव्वा लिटर पाणी. पिठात घातलेलं पाणी मात्र दर वेळी वेगळं भरलं. नवं दळण असलं की कमी लागे, जुनं असलं की जास्त. तिथे आकडा काही उपयोगाचा नव्हता, खूण लागत होती. आजीची खूण अशी: गोळा चकलीच्या पिठापेक्षा घट्ट हवा, तेलाचं बोट लावून दोन तळव्यांत वळला तर करंगळीएवढी वळी तुटू नये आणि टोकाला टोक जोडून कडं केलं तर सांध्यावर चीर पडू नये.

या खुणा टिपणं हेच चित्रीकरणाचं खरं काम. चेहरा दाखवणं त्यामानाने सोपं. नातीने सुरुवातीला मोबाइल समोर ठेवला, तर आत चुलीचा जाळ पांढराफटक आणि आजी काळी सावली. मोबाइलचा कॅमेरा उजेडाचा हिशेब आपणच करतो. जाळ चौकटीत आला की बाकी सगळं काळवंडतं. आजीच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की उजेड तिथे अडकून राहतो, हे तिला उशिरा कळलं. त्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे मागच्या अंगणातली तीन दगडांची चूल आणि सकाळी आठ-नऊचं ऊन. बाहेर धूरही उडून जातो. पण वारा येतो आणि वाऱ्याने आवाज फाटतो. पदराच्या आत टाचायचा छोटा माइक आणला, तर त्यात बांगड्यांचा खळखळाट जास्त आणि आजी कमी. बांगड्या काढायला आजी तयार नव्हती. मग माइक डाव्या खांद्यावर गेला, कारण वाटायचं, वळायचं काम उजव्या हाताचं.

फोडणी तर वाट बघत नाही. तेलात जिरं फुललं की वाटण पडायलाच हवं, नाहीतर करपतं. तेवढ्यात मोबाइल जवळ नेला की वाफेने काच धूसर होते. म्हणून नातीने एकाच दिवशी दोनदा रांधायचं ठरवलं: एकदा लांबून, आजी बोलत असताना, एकदा फक्त हात आणि पातेलं. घरच्यांना दोन्ही वेळा शेंगोळे जेवावे लागले, याची नोंद कुठेच नाही.

पहिला व्हिडिओ बारा मिनिटांचा झाला. लांबण नको म्हणून नातीने कापाकापी करून तो सहावर आणला. पिंपरीच्या मावशीने बघून शेंगोळे केले आणि फोन केला: पातेल्यात पिठलं झालं होतं. आजीला कळेना. तिने तोच व्हिडिओ नातीकडून लावून घेतला आणि एका जागी थांबवायला लावला. फोडणीत पाणी ओतल्यावर लगेच दुसऱ्या क्षणी शेंगोळे आत पडताना दिसत होते. मधली काही मिनिटं, पाण्याला खळखळून उकळी येण्याची, नातीने रिकामी समजून कापली होती. हुलग्याच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. उकळत्या पाण्यात पडलं तरच वळीचं बाहेरचं अंग लगेच आवळतं. कोमट पाण्यात ते विरघळत सुटतं. मावशीने वर डावही फिरवला होता. आजी शेंगोळे एकेक करून सोडते आणि ते आवळेपर्यंत डाव घालत नाही, पण हे ती कधी बोलली नव्हती, कारण न करण्याच्या गोष्टी कोण बोलून दाखवतं?

दुसऱ्या व्हिडिओत उकळी राहिली, तीही आवाजासकट. डाव बाजूला ठेवलेला दिसला. शेवटी आजीने एक शेंगोळं मोडून दाखवलं: मध्ये कोरडा पांढुरका ठिपका असेल तर कच्चं, आतबाहेर एकच रंग असेल तर झालं. वीस मिनिटं लागतात, पण आजीचा भरवसा ठिपक्यावर आहे. रस्सा पातळ वाटला तर चमचाभर पीठ पाण्यात कालवून लावायचं. या वेळी मावशीचे शेंगोळे आख्खे राहिले.

पैशाचं प्रकरण सावकाशीचं आहे. जाहिरातींचा वाटा मिळायला यूट्यूबला 1,000 सदस्य आणि वर्षभरात 4,000 तासांची पाहणी लागते. पैसे घेणारं खातं अठरा वर्षांखालच्या माणसाच्या नावावर चालत नाही, म्हणून ते आईच्या नावावर उघडलं. पत्त्याची खात्री करणारा आकडा टपालाने येतो, तेव्हा गावाचा पिनकोड आणि वाडीचं नाव नीट लिहावं लागतं. माझ्या मते याहून आधी करायची गोष्ट म्हणजे चॅनलच्या कुलपाला दुसरी कडी: पासवर्डशिवाय मोबाइलवर येणारी खात्री. ‘आपली आजी’ चॅनलही एकदा हॅक झालं होतं. जाहिरातीची लालूच दाखवून फाइल उघडायला लावणाऱ्या मेलपासून नातीने लांबच राहावं.

आता आजीला कुरडया दाखवायच्या आहेत. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा, शिजवायचा आणि सोऱ्यातून उन्हात घालायच्या. एवढं सगळं सलग टिपायचं, तर पाच-सहा दिवस घरी थांबायला हवं. कडक ऊन चैत्रातलं आणि अकरावीचे पेपरही त्याच सुमारास. आजी म्हणते, पेपर आधी, ऊन काय वैशाखातही असतंय. नातीने पेपरांचं वेळापत्रक आणि चिकाचे दिवस वहीच्या एकाच पानावर मांडून ठेवले आहेत.