प्रेक्षक कुठे उठून गेले?

व्हिडिओचा फ्रीलान्स एडिटर ग्राहकाला फेरसंपादनाचा ईमेल लिहितो तेव्हा आधार असतो यूट्यूब स्टुडिओतल्या रिटेन्शन आलेखाचा. कोणत्या क्षणी किती टक्के प्रेक्षक टिकून होते, ते ही रेघ दाखवते. समजा, आठ मिनिटांच्या पाककृतीत तिसाव्या सेकंदाला निम्मेच प्रेक्षक उरले. ईमेलमध्ये आधी हा आकडा येतो, मग त्या वेळी पडद्यावर काय होतं ते: चाळीस सेकंद चाललेलं स्वागत आणि चॅनेलची ओळख. पुढे मसाल्याच्या प्रमाणापाशी रेघ उंचावते. याला ग्राहक दाद समजतो. पण प्रमाण भरभर निघून गेल्यानं लोकांनी मागे जाऊन पाहिलं, असंही असू शकतं. आलेख कारण सांगत नाही, त्यामुळे चांगला एडिटर अंदाजाला अंदाजच म्हणतो.

योजनेची खरी मर्यादा इथेच कळते. प्रसिद्ध झालेल्या व्हिडिओच्या जागी त्याच लिंकवर नवी फाइल चढवता येत नाही. स्टुडिओत नको तो भाग कापता येतो. लिंक, व्ह्यूज आणि कॉमेंट्स टिकतात. म्हणून स्वागत लगेच कापावं आणि प्रमाण ठळक दाखवण्याची सुधारणा पुढच्या भागात करावी, असं ईमेलमध्ये स्पष्ट लिहावं.