चमच्यात साखर, पेल्यात दूध, डब्यावर दावा

एप्रिल २०२३. रेवंत हिमतसिंगका नावाच्या तरुणाने बोर्नव्हिटाचा डबा कॅमेऱ्यासमोर धरला आणि त्यातल्या साखरेवर एक छोटा व्हिडिओ केला. कंपनीची कायदेशीर नोटीस आली, त्याने माफी मागून व्हिडिओ काढला, पण तोवर तो घरोघरच्या फोनवर फिरून आला होता. खरी गंमत कंपनीच्या खुलाशात होती. एका वेळच्या २० ग्रॅम पावडरीत फक्त साडेसात ग्रॅम वरून घातलेली साखर असते, म्हणजे जेमतेम दीड चमचा, असं कंपनीने सांगितलं.

दीड चमचा ऐकायला किरकोळ वाटतो. पण २० ग्रॅममध्ये साडेसात म्हणजे शंभरात साडेसदतीस. डब्यातल्या प्रत्येक तीन चमच्यांतला एक चमचा, आणि वर थोडी, निव्वळ साखर! त्याच वर्षाच्या डिसेंबरात कंपनीने हे प्रमाण ३७.४ वरून ३२.२ ग्रॅमवर आणलं. आता एका पेल्याला सुमारे साडेसहा ग्रॅम. कमी झाली हे खरं, पण तिसरा हिस्सा अजून जवळपास तसाच आहे.

प्रोटीन कुणाचं?

आता याच पेल्याची फोड करून बघू. अशा चॉकलेटी माल्ट पावडरीत शंभर ग्रॅममागे साधारण सात ग्रॅम प्रथिनं असतात. वीस ग्रॅममध्ये झाली १.४ ग्रॅम. दहा-बारा शेंगदाणे तोंडात टाकले की तेवढी मिळतात. पेल्यातल्या २०० मिलीलिटर दुधात मात्र सहा ग्रॅमच्या वर प्रथिनं आणि दोनशेहून अधिक मिलिग्रॅम कॅल्शियम आधीपासूनच असतं. म्हणजे ‘वाढत्या वयासाठी प्रोटीन’ या ओळीतला सिंहाचा वाटा गाईम्हशींचा, आणि फोटो डब्याचा.

म्हणूनच डब्याच्या मागचा तक्ता वाचताना रकाना कुठला आहे ते आधी बघावं. ‘दुधासह’ असं लिहिलेला रकाना असेल तर ते आकडे दुधाच्या मेहनतीचे असतात. ‘प्रति १०० ग्रॅम’ हाच रकाना खरं बोलतो.

साडेचार तारे, मग दीड

ऑस्ट्रेलियात मायलोची गोष्ट याहून चटपटीत आहे. १९३४ साली थॉमस मेन यांनी तिथेच तयार केलेलं हे माल्टचं पेय. पुढे जगभर गेलं. ऑस्ट्रेलियात पाकिटावर आरोग्याचे तारे छापायची पद्धत आहे, जास्तीत जास्त पाच. मायलोच्या डब्यावर चक्क साडेचार तारे होते. कसे? हिशोब केला होता साय काढलेल्या दुधात घातलेल्या मायलोचा. नुसत्या पावडरीचा केला तर तारे उरत होते दीड! ग्राहक संघटना आणि डॉक्टरांनी इतका गवगवा केला की २०१८ मध्ये नेस्लेने ते साडेचार तारे डब्यावरून काढून टाकले.

पण माल्ट म्हणजे काय हो?

बार्ली भिजवायची, मोड आणायचे आणि वाळवायची. मोड येताना दाण्यात अशी विकरं तयार होतात, जी पिठाचं, म्हणजे स्टार्चचं, माल्टोज नावाच्या साखरेत रूपांतर करतात. मग हे दळून गरम पाण्यात ठेवायचं, गाळायचं, आटवायचं. हाती येतो तपकिरी, चिकट, गोडसर अर्क. मोड आणणं ही आपल्या घरातलीही जुनी विद्या. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून बाळाची पेज करायची ती यासाठीच: पचायला हलकी, आणि विकरांमुळे शिजल्यावर पातळ राहते, म्हणून त्याच वाटीत पीठ जास्त मावतं.

फरक पुढे पडतो. कारखान्यात माल्टचा चोथा गाळला जातो, मग तंतू कुठून येणार? अर्काची स्वतःची गोडी असतेच, त्यावर साखर पडते. डब्याच्या तक्त्यात ‘एकूण साखर’ आणि ‘वरून घातलेली साखर’ अशा दोन ओळी दिसतात त्या यामुळेच. शिवाय माल्टोडेक्स्ट्रिन नावाचा एक पाहुणा असतो. तो साखरेच्या ओळीत मोजला जात नाही, पण पोटात गेल्यावर झटपट ग्लुकोज होऊन बसतो.

तिकडे झोपेला, इकडे उंचीला

हॉर्लिक्स मूळचं जेम्स आणि विल्यम हॉर्लिक या इंग्रज भावांचं. जन्म मात्र अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये. १८८३ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. कंपनीने ध्रुवीय मोहिमांना इतकी मदत केली की अंटार्क्टिकातल्या एका पर्वतरांगेला अॅडमिरल बर्ड यांनी हॉर्लिक्सवाल्यांचं नाव दिलं. तिथे अजूनही हॉर्लिक पर्वत आहेत!

ब्रिटनमध्ये १९३०च्या दशकात जाहिरातवाल्यांनी ‘रात्रीची उपासमार’ नावाचा एक आजारच शोधून काढला: झोपेत शरीर उपाशी राहतं, म्हणून झोपताना हॉर्लिक्स प्या. तिथे ते आजही निजायच्या वेळचं पेय. आपल्याकडे तेच पेय पोरांना उंच, बळकट आणि हुशार करणारं झालं. २००८ मध्ये यातली एक जाहिरात बांगलादेशी वाहिनीवरून चुकून ब्रिटनच्या घरांत दिसली, आणि तिथल्या जाहिरात नियामकाने ती अडवली. दाव्याला पुरावा पुरत नाही, असं त्यांचं म्हणणं. ही जाहिरात ब्रिटनसाठी नव्हतीच, असं कंपनीचं उत्तर. म्हणजे दावा बरोबर की चूक हे टीव्ही कुठल्या देशात लावलाय त्यावर ठरणार!

लोहचुंबकाची करामत

अमेरिकेतल्या शाळांमध्ये एक प्रयोग लोकप्रिय आहे. ज्या सिरियलवर लोह घातल्याचं लिहिलंय ते वाटीभर घ्या, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत चुरून पूड करा, कोमट पाणी घालून अर्धा तास ठेवा. मग पिशवीला बाहेरून दणकट लोहचुंबक लावून हळूहळू फिरवा. चुंबकापाशी करड्या रंगाची बारीक लव जमा होते. ते खरोखरच लोखंड असतं, अगदी बारीक केलेलं. पोटातल्या आम्लात त्यातलं थोडंफार विरघळतं.

विरघळलेलं सगळं अंगी लागतं का, हा पुढचा प्रश्न. दुधातलं कॅल्शियम लोहाच्या शोषणात आडवं येतं, कोकोतली पॉलिफिनॉलंही येतात. म्हणजे चॉकलेटी पावडरीत लोह घालायचं आणि ती दुधात ढवळायची, हा पोषणाच्या दृष्टीने जरा उफराटाच कारभार. त्यात दुधाचा रंग आणि चव बिघडू नये म्हणून कमी विरघळणारे लोहक्षार वापरावे लागतात. ते आणखी कमी शोषले जातात. डब्यावर छापलेली लोहाची टक्केवारी डब्यात असते, रक्तात तेवढी पोचत नाही. त्यापेक्षा पोह्यांवर पिळलेलं लिंबू बरं, त्यातल्या क जीवनसत्त्वाने पोह्यांतलं लोह जास्त शोषलं जातं.

ड जीवनसत्त्वाचं मात्र तसं नाही. ते साध्या जेवणातून फार कमी मिळतं आणि दुधातल्या स्निग्धांशाबरोबर शोषलंही जातं, तेव्हा ते पावडरीत असेल तर उपयोग आहे. आणि एखादं पोर नुसत्या दुधाला तोंडच लावत नसेल तर चमचाभर चॉकलेटी पावडरीने दूध पोटात जातं, हेही खोटं नाही. फक्त त्या चमच्याला औषध म्हणू नये.

डॉक्टरसाहेब आणि धाकटे बंधू

कॉर्नफ्लेक्सच्या घरात तर साखरेवरूनच भांडण झालं. मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वी केलॉग रुग्णांना बिनसाखरेचा, बेचव आहार द्यायचे. १८९४ च्या सुमारास तिथे धान्याच्या पापुद्र्यांचा शोध लागला. धाकटे बंधू विल यांना धंदा दिसला. त्यांनी १९०६ मध्ये स्वतंत्र कंपनी काढली आणि पापुद्र्यांत साखर घातली. डॉक्टर खवळले, प्रकरण कोर्टात गेलं. बाजाराने कौल कुणाला दिला ते सांगायला नको.

१९५३ मध्ये त्याच घराने ‘शुगर स्मॅक्स’ आणलं, ज्यात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर होती. पुढे साखरेचं नाव बदनाम झालं तेव्हा डब्यावरची ‘शुगर’ गेली आणि ‘हनी’ आली. २०११ मध्ये मोजलं तेव्हाही साखर निम्म्याहून जास्तच निघाली. चिलीने २०१६ पासून जरा कडक वाट धरली: साखर हद्दीबाहेर असेल तर डब्यावर काळा अष्टकोनी शिक्का, आणि मुलांना भुरळ घालणारी चित्रं बंद. फ्रॉस्टेड फ्लेक्सवरचा सुप्रसिद्ध वाघ तिथे डब्यावरून गायब झाला.

भारतात केलॉग १९९४ मध्ये आलं, कारखाना आपल्या तळोज्यात. आणि पहिली फजिती दुधानेच केली. अमेरिकेत फ्लेक्सवर थंड दूध; आपल्या आयांनी ओतलं कडकडीत गरम, आणि कुरकुरीत पापुद्र्यांचा क्षणात लगदा! त्यातून कंपनीला शिकावं लागलं, आणि पुढे चॉकलेटी, गोडट प्रकार मुलांच्या वाट्याला आले.

सकाळच्या टेबलाचा हिशोब

सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० कॅलरी लागतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोकळ्या साखरेतून यातल्या दहा टक्क्यांहून कमी याव्यात. पाच टक्क्यांखाली आल्या तर आणखी चांगलं. दहा टक्के म्हणजे सुमारे ४२ ग्रॅम साखर, पाच टक्के म्हणजे २१ ग्रॅम. दुधातली मूळची साखर यात धरत नाहीत.

आता पावडरीचे साडेसहा ग्रॅम. ‘गोड लागत नाही गं आई’ म्हणून घातलेला साखरेचा चमचा, पाच ग्रॅम. आणि ३० ग्रॅम चॉकलेटी सिरियल, ज्याच्या डब्यावर शंभराला तीस ग्रॅम साखर लिहिली असेल तर त्याचे नऊ. झाले साडेवीस. शाळेची बस यायच्या आधीच पाच टक्क्यांचा कोटा जवळजवळ संपला. संध्याकाळी पुन्हा तसाच पेला दिला की आकडा बत्तिसावर, आणि अजून बिस्किटं, सॉस, कुणाच्या वाढदिवसाचा केक बाकीच. शिवाय हा हिशोब मापात घातलेल्या पावडरीचा. शीग लावून भरलेले दोन चमचे एकदा वजनकाट्यावर ठेवून बघा, आकडा अनेकदा वीस ग्रॅमच्या पुढे जातो.

मग ‘हेल्थ ड्रिंक’?

अन्नसुरक्षेच्या कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ नावाची चीजच नाही. बालहक्क आयोगाच्या चौकशीत हे पुढे आलं आणि एप्रिल २०२४ मध्ये वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना सांगितलं: बोर्नव्हिटा आणि इतर पेयं या रकान्यातून काढा. त्याच महिन्यात हिंदुस्तान युनिलिव्हरने, ज्यांच्याकडे आता हॉर्लिक्स आहे, आपल्या या पेयांच्या विभागाचं नाव ‘फंक्शनल न्यूट्रिशनल ड्रिंक्स’ केलं.

कुणाला घरीच पर्याय करायचा असेल तर वीस ग्रॅम नाचणीचं पीठ पाण्यात कालवून शिजवा आणि दूध घाला. नाचणीतून सत्तरेक मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं, आणि चाळलं नाही तर तंतूही. गूळ घालायला हरकत नाही, पण त्या गुळाचे ग्रॅमही वरच्या हिशोबात धरायचे.