जाण्याची वाट अरुंद

गाडीच्या मागच्या बंपरला पोचा आला होता. विम्याच्या दाव्यासाठी मी न्यू जर्सीतल्या आमच्या घरून एक अर्ज भरत होतो. 'अपघात कसा झाला' या रकान्यात चार ओळी लिहून पाठवल्या, तर बोट उचलायच्या आत 'मिळाले' असे उत्तर आले. पुढच्या पानावर बंपरचा एकच फोटो जोडला आणि आठ-दहा सेकंद नुसते चक्र फिरत राहिले. कार्यालय तेच, अर्जही तोच. मधल्या काळात समोरचा संगणक थकला नव्हता. माझा फोटोच अजून घराबाहेर पडत होता.

तो अडकला होता टीव्हीच्या कपाटामागच्या केबल मोडेममध्ये. अमेरिकेतल्या कितीतरी घरांचे इंटरनेट याच यंत्रातून येते. येते सुसाट, पण जाते रांगेत उभे राहून. याचे कारण इंटरनेटच्याही आधीचे आहे.

1948 च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया आणि ऑरेगॉनमधल्या डोंगराळ गावांत टीव्हीचे चित्र नीट दिसत नसे. मग उंचावर एक मोठा अँटेना उभारायचा आणि तिथून घराघरांत तार न्यायची, अशी युक्ती निघाली. या तारेचे काम एकच होते: गावात चित्र आणणे. घरातून बाहेर काही पाठवायचे असेल, हे कुणाच्या मनातही नव्हते. अमेरिकेत टीव्हीची 2 क्रमांकाची वाहिनी 54 मेगाहर्ट्झला सुरू होते. त्यामुळे पुढे तारेवर उलटा संदेश पाठवायची वेळ आली, तेव्हा त्या खालची मोकळी पट्टीच परतीसाठी उरली. 1997 मध्ये केबललॅब्ज या संस्थेने केबल मोडेमसाठी डॉक्सिस नावाचे मानक आणले, त्यातही ही जुनी वाटणी राहिली. येणाऱ्या माहितीला 54 पासून पुढे शेकडो मेगाहर्ट्झ, आणि जाणाऱ्या माहितीला 5 ते 42, म्हणजे जेमतेम 37.

ही 37 ची गल्लीही स्वच्छ नसते. लघुलहरी रेडिओ, ट्रकचालकांचे सीबी रेडिओ, घरातल्या मोटारी यांचा गोंगाट याच पट्टीत असतो. कुठल्या तरी घरात केबलचा जोड सैल असला, की तो गोंगाट तारेत शिरतो. येणारा संदेश एका जागेहून निघून घराघरांत वाटला जातो. जाताना मात्र उलटे होते. सगळ्या आळीचा गोंगाट ओढ्यांसारखा एकत्र येत मुख्य केंद्रापर्यंत पोचतो. म्हणून तिथे माहिती जपून, सावकाश पाठवावी लागते. शिवाय ती गल्ली अनेक घरांत वाटलेली असते. मोडेमला वाटेल तेव्हा बोलता येत नाही. 'मला इतके पाठवायचे आहे' अशी विनंती करायची, केंद्राकडून वेळ नेमून मिळाली की त्याच क्षणी पाठवायचे. या परवानगीला काही मिलिसेकंदच लागतात, पण शिस्त किती कडक आहे ते त्यावरून कळते.

आता माझ्या अर्जाचा हिशेब पाहू. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह साधारण तीन बाइट घेते. माझा मजकूर तीनशे चिन्हांचा धरला, तर नऊशे बाइट झाले. इंटरनेटवरच्या एका पाकिटात सुमारे 1,500 बाइट मावतात, म्हणजे सगळी हकिगत एकाच पाकिटात बसली. फोटो होता 12 मेगापिक्सेलचा, सुमारे 40 लाख बाइटचा. त्याची पाकिटे झाली पावणेतीन हजार. माझ्या योजनेत येण्याचा वेग सेकंदाला 100 मेगाबिट आणि जाण्याचा फक्त 5. नऊशे बाइट बाहेर पडायला दीड मिलिसेकंद पुरतो. 40 लाख बाइट म्हणजे 32 मेगाबिट, त्यांना साडेसहा सेकंद लागतात. शेवटचे पाकीट पोचेपर्यंत समोरच्याला फोटो पुरा मिळालेलाच नसतो. मिळाल्यावरही तो उलगडावा लागतो. तो 40 लाख बाइटचा फोटो स्मृतीत उघडला, की प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट याप्रमाणे साडेतीन कोटींहून अधिक बाइट होतो. मग तपासणी, लहान प्रत, साठवण. उरलेला वेळ त्यात जातो.

पण एवढ्यावर गोष्ट संपत नाही. फोटो जात असताना त्याच घरातून कुणी दोन शब्दांचा निरोप पाठवला, तर तोही रखडतो. हे कोडे 2010 मध्ये जिम गेटिस यांना पडले. एचटीटीपी या वेबच्या मूळ संकेताचा मसुदा घडवणाऱ्यांपैकी ते एक. घरून एमआयटीला जुन्या फायलींचा मोठा साठा पाठवताना त्यांना दिसले, की एरवी काही मिलिसेकंदांत होणारी फेरी आता सेकंदाहून जास्त वेळ घेते आहे. दोष निघाला मोडेममधल्या साठवणीच्या जागेत. पाठवणारा संगणक पाकीट हरवेपर्यंत वेग वाढवत जातो, कारण हरवलेले पाकीट हीच त्याला 'थांब' अशी खूण असते. स्मृती स्वस्त झाल्यावर यंत्रांत भलीमोठी साठवण घातली गेली. पाकीट हरवतच नाही, फक्त रांग वाढत राहते. 5 मेगाबिटच्या वाटेपुढे पाच लाख बाइटची रांग साचली, तर नव्या पाकिटाला आपली पाळी यायला 0.8 सेकंद लागतो. गेटिस यांनी या दुखण्याला 'बफरब्लोट' हे नाव दिले.

उपाय 2012 मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी मांडला. रांग किती लांब आहे हे बघायचे नाही, प्रत्येक पाकीट रांगेत किती वेळ उभे होते ते मोजायचे. 100 मिलिसेकंदांच्या अवधीत ही ताटकळ एकदाही 5 मिलिसेकंदांखाली आली नाही, तर एक पाकीट मुद्दाम टाकून द्यायचे. पाठवणाऱ्याला खूण वेळेवर मिळते आणि तो आपसूक आवरतो. याच विचाराची दुसरी पद्धत डॉक्सिस 3.1 च्या मोडेममध्ये आली. 2020 च्या टाळेबंदीत कॉमकास्ट या केबल कंपनीने जवळपास सारख्याच दोन मोडेमांची तुलना केली. अशी शिस्त नसलेल्या यंत्रात भार असताना जाण्याच्या वाटेवरचा विलंब सुमारे 250 मिलिसेकंद होता, असलेल्यात 15 ते 30.

या उपायाने फोटो मात्र लवकर पोचत नाही. साडेसहा सेकंद तितकेच लागतात, फक्त बाकीच्यांची वाट अडत नाही. फोटोच लवकर जावा, तर गल्लीच रुंद करावी लागते. सीमा 42 वरून 85 किंवा 204 मेगाहर्ट्झवर नेता येते, पण वाट विभागणारी गाळणी खांबाखांबांवरच्या प्रवर्धकांत बसवलेली असते. कार्यालयात बसून ती बदलता येत नाही, प्रत्येक ठिकाणी माणूस पाठवावा लागतो. म्हणून हे काम शहर-शहर करत सावकाश चालले आहे.

आपल्या घरी नेमके काय अडते, हे पाहायला संगणकावर एक साधी आज्ञा पुरते:

```
ping 8.8.8.8
```

(विंडोजवर तिच्या शेवटी `-t` जोडावे, म्हणजे ती थांबत नाही.) ती चालू ठेवून फोटो पाठवावा. `time` पुढचा आकडा 20 वरून शेकड्यांत गेला, तर रांग आपल्या मोडेममध्ये साचते आहे. आकडा स्थिर राहून प्रगतीची पट्टी हळू सरकत असेल, तर वाट अरुंद आहे. पट्टी पूर्ण भरूनही उत्तर येत नसेल, तर काम पलीकडे चालले आहे.

मी तसे करून पाहिले. आकडा 22 वरून 700 च्या पुढे गेला आणि फोटो संपताच खाली आला. नंतर दुसऱ्या बाजूचा फोटो आधी छोटा करून घेतला, लांबी-रुंदी निम्मी केली. ठिपके चौथाईवर आले आणि फाइल दहा लाख बाइटच्या आसपास. पोचा तितकाच स्पष्ट दिसत होता. उत्तर दोन सेकंदांत आले.