चेतक अजून तिरकी करावी लागते का?

डेटिंग अ‍ॅपवर दोघांची पसंती जुळली की पहिला मेसेज बहुतेक वेळा "हाय" असतो. त्याला उत्तर काय देणार? फार तर पुन्हा "हाय". विषय शोधायचं काम समोरच्यावरच येऊन पडतं.

अमेरिकेतल्या ओकेक्युपिड या डेटिंग साइटने 2009 मध्ये आपल्याकडचे पाच लाखांहून अधिक पहिले मेसेज संगणकाकरवी तपासले. नुसत्या "हाय"ला उत्तरं कमी आली होती. रूपाची स्तुती करणारे मेसेजही मागे पडले होते. "तू लिहिलं आहेस की…" किंवा "माझ्या लक्षात आलं की…" अशा अर्थाचे शब्द असलेल्यांना मात्र उत्तरं जास्त मिळाली होती. हे सारे मेसेज इंग्रजी होते, हे ध्यानात ठेवायला हवं. पण प्रोफाइल वाचल्याची खूण समोरच्याला आवडते, एवढं त्यातून नक्की दिसतं.

मात्र कुठलाही तपशील उचलून चालत नाही. समजा, पुण्यातल्या एका मुलीने तीन गोष्टी लिहिल्या आहेत: फिरायला आवडतं, बिर्याणी आवडते, आणि रविवारची सकाळ बाबांची जुनी बजाज चेतक सुरू करण्यात जाते. पहिल्या दोन गोष्टी शेकडो प्रोफाइलमध्ये सापडतील. तिसरी फक्त तिची आहे.

आता "चेतक भारी आहे!" असं लिहिलं, तर उत्तर "थँक्स" आणि गाडी तिथेच बंद. "कुठल्या सालची? किती सीसी? अ‍ॅव्हरेज किती?" ही झाली उलटतपासणी. त्यापेक्षा हे बघा: "चेतक सुरू करायला अजून तिरकी करावी लागते का? आमच्या काकांची तशीच होती, शेजारीपाजारी मदतीला यायचे." दोनच वाक्यं. प्रश्नाचं उत्तर तिला एका ओळीत देता येतं आणि हवं तर बाबांचा अख्खा किस्साही सांगता येतो. लिहिणाऱ्याबद्दलही थोडं कळतं. अर्थात काकांची चेतक खरी असली पाहिजे. थाप तिसऱ्या-चौथ्या मेसेजला उघडी पडते. स्कूटरमधलं काही कळत नसेल, तर "किती किकमध्ये सुरू होते?" एवढा प्रामाणिक प्रश्नही पुरतो.

मेसेज जमला का, हे पाठवण्याआधीच तपासता येतं. तोच मजकूर दुसऱ्या प्रोफाइलला जसाच्या तसा पाठवता येत असेल, तर तो पुन्हा लिहावा.

अ‍ॅपप्रमाणे थोडा फरक पडतो. हिंजवर एखाद्या फोटोला किंवा उत्तरालाच कमेंट जोडता येते, त्यामुळे संदर्भ समोर दिसतो. टिंडरवर जुळल्यानंतरच्या चॅटमध्ये "चेतक" हा शब्द मेसेजमध्येच यायला हवा.

तपशील तिने स्वतःहून सांगितलेला असावा, ही मर्यादा मात्र कडक पाळावी. फोटोच्या कोपऱ्यात दिसणारं सोसायटीचं नाव, गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र किंवा इन्स्टाग्रामवर शोधून काढलेली माहिती पहिल्या मेसेजमध्ये आली, तर वाचणारीला आपल्यावर कोणीतरी पाळत ठेवतंय असं वाटतं, आणि ती ब्लॉक करून मोकळी होते.