दारू तुटते तेव्हा: मेडिकल वॉर्डातले चार गैरसमज

पायाला सेल्युलायटिस झालेला 46 वर्षांचा एक माणूस सोमवारी सकाळी 11 वाजता वॉर्डात दाखल होतो. ताप 101, पाय लालभडक सुजलेला. केसपेपरवर व्यसनापुढे लिहिलेलं असतं, ‘कधीतरी’. बुधवारी रात्री तोच माणूस सलाईनची नळी उपसतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, पत्नीला ओळखत नाही. नातेवाइकांना वाटतं ताप डोक्यात गेला. वॉर्डातले लोक त्याचे हात पट्टीने बांधतात. खरं तर या रात्रीची सुरुवात रविवारी रात्री 9 वाजताच झालेली असते. त्याने शेवटचा घोट तेव्हा घेतला होता. अशा रुग्णाभोवती जे गैरसमज असतात, ते याच उदाहरणाच्या आधाराने एकेक करून पाहू.

गैरसमज 1: पहिल्या दिवशी नीट बोलतोय, म्हणजे दारू तुटण्याचा त्रास होणार नाही.

वस्तुस्थिती: रोज दारू मिळत राहिली की मेंदू तिच्याशी जुळवून घेतो. दारू मेंदूतल्या गाबा या शांत करणाऱ्या रसायनाचं काम वाढवते आणि ग्लुटामेट या उत्तेजक रसायनाचं काम दाबते. तोल राखायला मेंदू उलट बाजूने जोर लावत राहतो. दारू अचानक थांबली तरी हा उलटा जोर लगेच ओसरत नाही. त्यामुळे साधारण 6 ते 8 तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते. फिट आली तर ती बहुधा 6 ते 48 तासांच्या आत येते. भ्रम, गोंधळ, ताप, धडधड असलेलं डिलिरियम ट्रेमेन्स मात्र साधारण 48 ते 96 तासांच्या दरम्यान सुरू होतं आणि ते जिवावर बेतू शकतं.

म्हणून ‘पिता का?’ या प्रश्नावर थांबू नये. ‘रोज किती, किती वर्षं, शेवटची कधी, आणि बंद केल्यावर पूर्वी कधी फिट आली होती का?’ हे चारही प्रश्न दाखल करतानाच विचारायचे, आणि शक्यतो घरच्या माणसालाही बाजूला घेऊन विचारायचे. आपल्या रुग्णाच्या पत्नीने सांगितलं असतं, ‘रोज दोन क्वार्टर, दहा वर्षं.’ एवढं एक वाक्य सोमवारी केसपेपरवर आलं असतं, तर बुधवारची रात्र टळू शकली असती.

गैरसमज 2: नाडी जोरात चालली आणि घाम आला, की ते विथड्रॉवलच.

वस्तुस्थिती: घाम आणि धडधड जंतुसंसर्गातही होते, साखर उतरल्यावरही होते. त्यामुळे अंदाजावर न जाता मोजायचं असतं. त्यासाठी जगभर वापरला जाणारा तक्ता म्हणजे सीवा. त्यात दहा गोष्टी पाहतात: मळमळ, थरथर, घाम, चिंता, अस्वस्थ हालचाल, डोकेदुखी, अंगावर काही चालल्याचा भास, आवाजाचा भास, दिसण्याचा भास आणि भान. पहिल्या नऊंना 0 ते 7 आणि भानाला 0 ते 4 गुण, म्हणजे एकूण 67. नाडी आणि रक्तदाब बेरजेत धरत नाहीत.

समजा, सोमवारी दुपारीच सिस्टर आपल्या रुग्णाला दोन्ही हात पुढे ताणून बोटं फाकवायला सांगतात. हात स्पष्ट थरथरतात: 4. कपाळावर घामाचे थेंब: 4. चिंता 4, अस्वस्थता 2, मळमळ 1, डोकेदुखी 1, बाकी शून्य. बेरीज 16. साधारणपणे 8 ते 10 च्या पुढे औषध द्यायचं आणि 15 च्या पुढे त्रास तीव्र मानायचा, म्हणजे इथे औषध लागणारच. घामाचे काही गुण तापाचे असू शकतात, पण पसरलेल्या बोटांची ही थरथर एकट्या सेल्युलायटिसने होत नाही.

तक्त्याची मर्यादाही ओळखायला हवी. बरेचसे गुण रुग्णाच्या उत्तरांवर अवलंबून असतात. ज्याला उत्तरच देता येत नाही, भान हरपलं आहे, त्याच्या बाबतीत ही बेरीज फसवी ठरते. शिवाय हा तक्ता त्रास किती आहे ते सांगतो, तो कशामुळे आहे ते सांगत नाही. डोक्याला मार, साखर, संसर्ग, लिव्हर हे वेगळं तपासावंच लागतं.

गैरसमज 3: झोपेची एकच गोळी सगळ्यांना, दिवसातून तीनदा.

वस्तुस्थिती: डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, लोराझेपाम ही बेन्झोडायझेपिन गटाची औषधं गाबाचं काम वाढवतात. दारू गेल्यामुळे पडलेली पोकळी ती भरून काढतात आणि फिट रोखतात. म्हणून त्यांचा डोस लक्षणांवरून ठरतो. समजा, आपल्या रुग्णाला 16 गुणांवर डायझेपाम 10 मिलिग्रॅम तोंडाने दिलं. तासाभराने पुन्हा मोजलं तर 13, म्हणून आणखी 10. त्यानंतरच्या तासाला 7, म्हणून डोस नाही. फक्त चार तासांनी परत मोजणी. डायझेपाम शरीरात बराच काळ राहतं, त्यामुळे त्याचा असर आपोआप हळूहळू उतरतो.

1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात क्लोरडायझेपॉक्साइड या पद्धतीने दिलेल्यांना उपचार मध्यमानाने 9 तास लागले, ठरावीक वेळापत्रकाने दिलेल्यांना 68 तास. औषधही 425 ऐवजी 100 मिलिग्रॅम पुरलं. पण तो अभ्यास व्यसनमुक्तीच्या खास वॉर्डात झाला होता आणि पूर्वी फिट आलेले रुग्ण त्यात नव्हते. ज्यांना पूर्वी फिट किंवा डिलिरियम झालं आहे, किंवा जिथे रात्री तासातासाला मोजायला कोणी नाही, तिथे ठरावीक डोस देऊन गरजेप्रमाणे वाढवणंच सुरक्षित.

डोळे पिवळे असतील, पोटात पाणी असेल किंवा वय जास्त असेल, तर लोराझेपाम बरं, कारण आजारी लिव्हरलाही त्याचा बऱ्यापैकी निचरा करता येतो. कोणतंही औषध दिलं तरी पुढच्या डोसआधी श्वास आणि जाग पाहायची. हाक मारून नीट जागा होत नसेल, तर डोस थांबवायचा आणि डॉक्टरांना बोलवायचं. नुसतं हॅलोपेरिडॉल देऊन शांत करणं हा पर्याय नव्हे; त्याने फिटचा धोका वाढू शकतो. हात बांधल्यानेही आतली उत्तेजना कमी होत नाही.

गैरसमज 4: बी-कॉम्प्लेक्सची गोळी चालू आहे, थायमिन झालं.

वस्तुस्थिती: शरीरात थायमिनचा साठा जेमतेम 30 मिलिग्रॅमच्या आसपास असतो आणि काही आठवड्यांत संपतो. दारूमुळे आतड्यातून ते नीट शोषलंही जात नाही. म्हणून रोज पिणाऱ्या, खाणं तुटलेल्या रुग्णाला ते सुरुवातीला शिरेतून किंवा इंजेक्शनने द्यावं लागतं. प्रतिबंधासाठी साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम रोज, 3 ते 5 दिवस. गोंधळ, झोकांड्या आणि डोळ्यांची विचित्र हालचाल ही वेर्निके आजाराची तीन लक्षणं. तिन्ही एकत्र फार थोड्यांत दिसतात, म्हणून तिन्हींची वाट पाहायची नाही. शंका आली तरी 500 मिलिग्रॅम, 100 मिलिलिटर सलाईनमधून अर्ध्या तासात, दिवसातून तीनदा. प्रतिसाद मिळत नसेल तर मॅग्नेशियम तपासा. ते कमी असेल तर थायमिन नीट काम करत नाही.

याच्याच जोडीचा आणखी एक समज आहे: थायमिनआधी ग्लुकोज द्यायचंच नाही. साखर खरोखर उतरली असेल तर ग्लुकोज ताबडतोब द्यायचं आणि थायमिन त्याच्यासोबत किंवा लगेच मागोमाग. थायमिनची कुपी सापडेपर्यंत उतरलेली साखर थांबत नाही. मात्र वेर्निके ओळखायचा राहून गेला, तर स्मृती कायमची जाऊ शकते.

नातेवाइकांना एक कळकळीची विनंती. दाखल करताना लाजेपोटी ‘कधीतरी’ म्हणू नका. रोजचं प्रमाण आणि शेवटच्या घोटाची वेळ डॉक्टरांना खरी सांगा. पुढच्या चार दिवसांची सगळी तयारी त्या वेळेपासून मोजली जाते.