पहिले चाळीस टर्न

‘सिव्हिलायझेशन ६’ सुरू झाला की हाताशी एक वसाहतकार आणि एक योद्धा असतो. वसाहतकाराने शहर वसवले की अनेक नवे खेळाडू नुसते ‘पुढचा टर्न’ दाबत राहतात आणि कंटाळतात. खरे तर सामना इथेच ठरतो.

शहर शक्यतो नदीकाठी वसवावे. गोडे पाणी असेल तर घरांची मर्यादा पाच, नसेल तर दोन-तीनच. मग लोकसंख्या लवकर अडते. सुरुवातीला शहराचे उत्पादन टर्नला पाचच्या आसपास असते. नेहमीच्या वेगात टेहळ्याला तीस उत्पादन लागते, म्हणजे सहा टर्न. पहिल्या नव्या वसाहतकाराला ऐंशी, म्हणजे सोळा. शिवाय तो शहरातला एक माणूस घेऊन जातो, म्हणून लोकसंख्या दोन झाल्याशिवाय तो बनतच नाही. त्यामुळे आधी टेहळ्या, मग गोफणधारी, मग वसाहतकार हा क्रम मला सर्वात भरवशाचा वाटतो. तोवर लोकसंख्याही वाढते.

गोफणधारी का? रानटी टोळीच्या टेहळ्याने तुमचे शहर पाहिले की त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह दिसते. तो तळावर परतला की हल्लेखोर निघतात. त्याला वाटेतच गाठायचे. गोफणीने शत्रू मारला तर धनुर्विद्येच्या संशोधनालाही मोठा हातभार लागतो.

योद्ध्याला मात्र फार दूर धाडू नका. नवा वसाहतकार निघेल तेव्हा तो सोबत हवा. एकटा वसाहतकार रानटी टोळ्या पकडून नेतात.